आजचा रुपया नेहमीच मोठा नसतो

भिसेगाव कर्जत स्टेशनाला अगदी लागून आहे. गाडीतून उतरले की पाच मिनिटांत घर. पनवेल-कर्जत नव्या मार्गाचे काम सुरू झाल्यापासून इथे चहाच्या प्रत्येक टपरीवर जमिनीचाच विषय असतो. कुणाची गेली, कुणाची वाचली, कुणाला काय भाव मिळाला. आमच्या शेजारच्या चाचांची स्वतःची जमीन गेलेली नाही, पण त्यांच्या सासरच्या माणसांची थोडी जमीन दुसऱ्या एका प्रकल्पात जाणार आहे. त्या कामासाठी कुणा सल्लागाराने करून दिलेला एक कागद घेऊन ते परवा माझ्याकडे आले.

"बेटा, यात म्हटलंय की पाच लाख रोख घ्या, महिन्याचे पैसे घेऊ नका. महिन्याच्या पैशांची आजची किंमत अडीच लाखच होते म्हणे. हे खरं का?"

कागद नीटनेटका होता. आकडे दोन दशांशांपर्यंत काढलेले, खाली सही. बेरीज, भागाकार, सगळे बरोबर. तरी तो कागद मुळापासून चूक आहे. अशी चूक एकट्या त्या सल्लागाराची असती तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. बँकेत, पतपेढीत, विम्याच्या एजंटाकडे, पोरांच्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकात, सगळीकडे हीच समजूत आहे की आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठाच असतो. ती समजूत कुठे फसते आणि कुणाला किती महाग पडते, ते या एका कागदावरून दाखवतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. 2013 चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत पुनर्वसनाच्या हक्कांची यादी आहे. जमिनीचा मोबदला वेगळा, आणि त्याशिवाय बाधित कुटुंबाला तीनपैकी एक गोष्ट निवडता येते. प्रकल्पात नोकऱ्या निर्माण होत असतील तर नोकरी. नाहीतर एकरकमी पाच लाख रुपये. किंवा मग वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार रुपयांचे वर्षासन, आणि ते शेतमजुरांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेले. जमीन सरकारने थेट खरेदीने घेतली असेल तर हे हक्क लागू आहेत का, ते आधी तपासावे लागते. चाचांच्या सासरी निवड पाच लाख की वर्षासन अशीच होती, म्हणून आपण तेवढेच धरू.

दोन हजार गुणिले बारा म्हणजे वर्षाला 24 हजार. वीस वर्षांचे झाले 4 लाख 80 हजार. सल्लागाराने काय केले? बँकेत मुदत ठेवीला सात टक्के मिळतात असे धरले. वर्षाअखेरचे 24 हजार म्हणजे आजचे किती, हे काढायला त्याने 24 हजाराला 1.07 ने भागले. दुसऱ्या वर्षाच्या रकमेला दोनदा भागले, तिसऱ्या वर्षाच्या तीनदा. असे करत विसाव्या वर्षाचे 24 हजार आज फक्त 6,202 रुपयांचे उरले. वीसही आकड्यांची बेरीज 2 लाख 54 हजार. समोर पाच लाख. निकाल एकतर्फी.

या रीतीला वटाव म्हणतात, आणि रीत चुकीची नाही. पुढे मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत, म्हणजे वर्तमान मूल्य, असेच काढतात. त्यामागचा प्रश्न साधा आहे. पुढची ती रक्कम माझी मलाच उभी करायची असेल, तर आज किती बाजूला ठेवावे लागेल? बँक सात टक्के देत असेल तर वर्षाने 24 हजार मिळवायला आज 22,430 ठेवले की पुरतात. इथपर्यंत ठीक.

चूक यापुढे आहे. वर्षासनातले दोन हजार हे विसाव्या वर्षीही कागदी दोन हजारच राहणार नाहीत. ते निर्देशांकाला बांधलेले आहेत. महागाई वाढली की ते वाढणार. म्हणजे कायदा त्या कुटुंबाला वीस वर्षे एक ठरावीक सामान देतो आहे. आज दोन हजारांत जेवढे तांदूळ, तेल, डाळ आणि रॉकेल येते, तेवढे सामान. रुपयांचा आकडा बदलेल, पिशवी तेवढीच राहील. सल्लागाराने वर सामान मोजले आणि खाली रुपयांच्या दराने भागले. सातातले पाच टक्के तर महागाईच खाऊन टाकणार होती. ती महागाई त्याने वर धरली नाही, खाली मात्र पूर्ण धरली. एका पारड्यात किलो आणि दुसऱ्यात लिटर टाकून वजन केल्यासारखे हे झाले.

नियम एवढाच आहे. वरची रक्कम त्या त्या वर्षीच्या रुपयांत असेल, तर खालचा दरही बँकेचा रुपयांतला दर घ्या. वरची रक्कम आजच्या भावाने, म्हणजे सामानात मोजली असेल, तर खालचा दरही सामानातला घ्या. त्याला वास्तव व्याजदर म्हणतात. तो काढायला एकात ठेवीचा दर मिळवा, त्याला एकात महागाई मिळवून येणाऱ्या आकड्याने भागा आणि उत्तरातून एक वजा करा. ठेव सात टक्के आणि महागाई पाच असेल तर 1.07 भागिले 1.05, वजा एक, म्हणजे सुमारे 1.9 टक्के. हाच चाचांच्या कागदावर हवा होता.

आता खरा मुद्दा. हा वास्तव दर शून्याच्या खाली जाऊ शकतो, आणि आपल्या देशात तो गेलेला आहे. 2020-21 या वर्षात ग्राहक किमतींची सरासरी महागाई 6.2 टक्के होती. रिझर्व्ह बँकेने रेपो दर मे 2020 मध्ये चार टक्क्यांवर आणला आणि मे 2022 पर्यंत तिथेच ठेवला. मोठ्या बँकांत एक वर्षाच्या ठेवीला पाच टक्क्यांच्या आसपास मिळत होते. म्हणजे ज्याने शंभर रुपये ठेवले त्याला वर्षाने 105 मिळाले, पण जे सामान आधी शंभरात येत होते त्याला 106 रुपये लागू लागले. पासबुकात वाढ, घरात घट. त्याआधी 2009-10 मध्ये तर औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाने महागाई बारा टक्क्यांच्या वर होती, आणि ठेवीचे दर तिच्या कितीतरी खाली. ज्यांनी तेव्हा निवृत्तीची रक्कम बँकेत ठेवली त्यांना मी काय म्हणतो ते समजावून सांगावे लागणार नाही. अशा काळात कर्ज घेणाऱ्याचे ओझे हलके होते, ठेवणाऱ्याची ठेव झिजते, आणि या देशात सगळ्यात मोठा कर्जदार सरकार आहे. हे कुठल्या विधेयकात येत नाही, म्हणून त्यावर चर्चाही होत नाही.

दर शून्याखाली गेला की वर्तमान मूल्याचे काय होते? बहुतेक शिकलेली माणसे इथे अडखळतात. एकापेक्षा मोठ्या आकड्याने भागले की उत्तर लहान होते, हे आपण जाणतो. पण ठेव पाच टक्के आणि महागाई सहा असेल, तर वास्तव दर उणे 0.94 टक्के येतो, आणि भागायचा आकडा 1.07 नसून 0.9906 होतो. एकापेक्षा लहान आकड्याने भागले की उत्तर मोठे होते. वर्षाअखेरच्या 24 हजारांच्या सामानाची आजची किंमत 24 हजारांपेक्षा जास्त, म्हणजे 24,229 रुपये.

हे ऐकून एका बँकवाल्या मित्राने मला हसून सांगितले की तुझा कॅल्क्युलेटर बिघडला आहे. पुढची रक्कम आजच्यापेक्षा महाग कशी असेल? म्हणून दुसऱ्या वाटेने ताळा करून दाखवतो. महागाई सहा टक्के असेल तर वर्षाअखेरचे 24 हजार वाढून 25,440 होतील. हे खरे रुपये आहेत, तेव्हा बँकेच्या खऱ्या दराने, म्हणजे पाच टक्क्यांनी भागू. 25,440 भागिले 1.05 बरोबर 24,229. तेच उत्तर. विसाव्या वर्षीही तेच. सहा टक्क्यांनी वाढत गेलेले 24 हजार तेव्हा सुमारे 76,970 होतात. ते पाच टक्क्यांनी वीसदा मागे आणले की 29,010 उरतात. सल्लागाराच्या कागदावर त्याच विसाव्या वर्षापुढे 6,202 लिहिले आहे.

आणि ज्याला आकडे नकोत त्याने कणगी आठवावी. कर्जत तालुका भाताचा. इथल्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले भाताचे वाण तालुक्याच्या नावानेच ओळखले जातात. घरात शंभर किलो भात कणगीत भरून ठेवले आणि वर्षभरात उंदीर, टोके आणि ओल यांनी पाच किलो खाल्ले, तर पुढच्या साली पंच्याण्णव किलोच हाती लागते. पुढच्या साली शंभर किलो हवे असेल तर आज एकशे पाच किलोहून जास्त भरून ठेवावे लागते. कुठल्या शेतकऱ्याला हे विचित्र वाटते? पुढच्या शंभर किलोंचे वर्तमान मूल्य आज एकशे पाच किलो आहे, हे त्याला सूत्राशिवाय कळते. व्याजदर उणे होऊ शकत नाही हा गैरसमज नोटेमुळे आला आहे. नोट पेटीत ठेवली तर ती वर्षानेही तेवढ्याच रुपयांची असते, म्हणून रुपयांतला दर शून्याच्या फार खाली सहसा जात नाही. पण डाळ, डॉक्टरची फी, एसटीचे तिकीट, पोराची शाळा हे पेटीत भरून ठेवता येत नाही. सामानात मोजलेल्या दराला असा तळ नसतो.

आता चाचांचा पूर्ण हिशेब नव्याने मांडू. सोय म्हणून वर्षाचे पैसे वर्षाअखेरीस एकदम मिळतात असे धरतो.

सात टक्क्यांची ठेव आणि पाच टक्के महागाई वीस वर्षे टिकली, तर वर्षासनाचे वर्तमान मूल्य 3 लाख 96 हजार येते. म्हणजे पाच लाख रोखच बरे. पण फरक सुमारे एक लाखाचा, कागदावर होता तसा अडीच लाखांचा नाही.

ठेव आणि महागाई बरोबरीने चालली, म्हणजे वास्तव दर शून्य, तर मूल्य सरळ बेरीज, 4 लाख 80 हजार. पाच लाखांत आणि यात वीस हजारांचे अंतर उरले.

ठेव पाच, महागाई सहा, तर 5 लाख 31 हजार. वर्षासन पुढे गेले. पाच लाख घेऊन बँकेत ठेवणारा आणि दरवर्षी तेवढेच सामान घेणारा माणूस अठरा वर्षे पुरी काढतो, एकोणिसाव्या वर्षी त्याला थोडे कमी पडते आणि विसाव्या वर्षी खाते रिकामे असते.

वास्तव दर उणे दोन टक्के राहिला तर मूल्य 5 लाख 97 हजारांपर्यंत जाते.

पारडे कुठे फिरते? उणे 0.4 टक्क्याच्या जवळ. ठेवीचा दर वीस वर्षांच्या सरासरीने महागाईपेक्षा अर्धा टक्काही कमी पडला, की निकाल उलटतो. ज्या निर्णयाचा काटा अर्ध्या टक्क्यावर हलतो, तो निर्णय कागदावर दुप्पट-निमपटीचा दाखवला होता. माझी तक्रार हीच आहे. पाच लाख घ्या हा सल्ला कदाचित बरोबर ठरेलही. पण ज्या कारणाने तो दिला ते कारण खोटे आहे, आणि खोट्या कारणाने दिलेल्या सल्ल्यात माणसाला आपण किती जोखीम घेतो आहोत ते दिसतच नाही.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत, आणि ते फालतू नाहीत.

पहिला आक्षेप असा की आता महागाई कुठे आहे? खरे आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये ग्राहक किमतींची वार्षिक महागाई अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेली होती, आणि ठेवीला सहा टक्क्यांच्या वर मिळत होते. त्या महिन्यापुरता वास्तव दर चांगला घसघशीत धन होता. पण आपण वीस वर्षांचा सौदा करतो आहोत, एका महिन्याचा नाही. बँक दहा वर्षांपलीकडे सहसा दर बांधून देत नाही. पहिली ठेव मुदतीत आली की पुढचा दर तेव्हा जो असेल तो. आजचा दर वीस वर्षे धरून चालणे म्हणजे चांगल्या पावसाच्या सालावरून वीस सालांचे पीक धरणे. निर्देशांकाला बांधलेले वर्षासन मात्र महागाई आली की आपोआप वाढते. महागाई वाढेल की नाही याची चिंता ते कुटुंबावर टाकत नाही.

दुसरा आक्षेप कर्जतमध्ये हमखास येतो. पाच लाख बँकेत कोण ठेवतो? तुकडा घेऊ, चार वर्षांत दुप्पट. इथे अनेकांचे झाले आहेत, मी नाकारत नाही. तुकड्यांचे भाव चढण्यामागे हाच उणे दर एक कारण आहे. कायमच्या उत्पन्नाची किंमत काढायचे सूत्र सोपे आहे, वर्षाचे उत्पन्न भागिले दर. दर चारवरून दोनवर आला की किंमत दुप्पट होते, शून्याकडे गेला की आकाशाला भिडते, आणि शून्याखाली गेला की सूत्र उणे किंमत दाखवून वेड्यासारखे वागू लागते. तिथे समजायचे की हा दर कायमचा धरता येणार नाही, आणि हिशेब ठरावीक वर्षांपुरताच करायचा. बँकेत पैसा झिजतो हे कळलेली माणसे जमिनीकडे आणि सोन्याकडे धावतात, आणि तिथले भाव फुगतात. पण तुकडा विकला जाईल, सातबारा स्वच्छ असेल, वाट मिळेल, यातले काहीच पक्के नाही. पक्क्या मिळकतीची तुलना पक्क्या मिळकतीशी करावी. जोखमीची करायची असेल तर जोखीम बोलून दाखवावी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मान्य आहे. घरावर कर्ज असेल तर? सावकाराचे दरसाल चोवीस टक्के भरणाऱ्या घराचा वटावाचा दर बँकेच्या ठेवीचा नाहीच. त्याच्यासाठी पाच लाखांतून कर्ज फेडणे म्हणजे चोवीस टक्क्यांची पक्की कमाई, आणि महागाई वजा करूनही ती सतरा-अठरा टक्के उरते. अशा घराने रोख घ्यावी आणि त्याच आठवड्यात कर्ज फेडावे. उणे वास्तव दर ज्याच्याकडे बचत आहे आणि ती ठेवायला सुरक्षित जागा हवी आहे त्याच्यासाठी आहे. हे प्रत्येक घराचे वेगळे असते, आणि एकच दर सगळ्यांच्या कागदावर छापणारा सल्लागार नेमके हेच विसरतो.

आता आपल्या घरातले थोडे बोलू. आमच्यातली बरीच घरे बँकेचे व्याज घेत नाहीत. कुणी चालू खात्यात ठेवतात, कुणी बचत खात्यावर जमा झालेले व्याज सवाबाची नियत न ठेवता गरिबाला देऊन टाकतात. त्या घरांना सात टक्क्यांचा कागद देणे म्हणजे दुसऱ्याच्या घरचा हिशेब त्यांच्या दारावर चिकटवणे. आणि गंमत अशी की आमच्यातलेच काही समजदार लोक उलट टोकाला जातात. ते म्हणतात, व्याज घेत नाही म्हणजे आमचा दर शून्य, काळाला किंमत नाही, तेव्हा वीस वर्षांचे 4 लाख 80 हजार आणि समोर पाच लाख, पाच लाख मोठे, विषय संपला.

विषय संपत नाही. त्यांचा रुपयांतला दर शून्य आहे, सामानातला नाही. महागाई पाच टक्के असेल तर पेटीतल्या पैशाचा वास्तव दर उणे 4.76 टक्के होतो. व्याज न घेता तेवढेच सामान वीस वर्षे पुरवायचे असेल तर आज पाच लाख नव्हे, 8 लाख 33 हजार लागतात. पाच लाख घेऊन पेटीत ठेवणाऱ्याचे पैसे चौदा वर्षांत संपतात. विधवा बहिणीच्या नावाने वर्षासन घ्यायचे की रोख, असा प्रश्न असेल तर ही सहा वर्षे म्हणजे तिचे म्हातारपण. वर्षासन देणाऱ्या विमा पॉलिसीबद्दल दीनचा काय हुकूम आहे ते आलिमांना विचारा, तो माझा प्रांत नाही. पण विचारायला जाताना हिशेब बरोबर घेऊन जा. जो व्याज घेत नाही त्याला महागाईपासून बचावाची गरज व्याज घेणाऱ्यापेक्षा जास्त असते, कमी नाही. शून्य दर धरून आपण व्याजापासून दूर राहिलो असे वाटते. प्रत्यक्षात आपण फक्त महागाईकडे डोळेझाक केलेली असते.

एक गोष्ट मात्र हा सगळा हिशेब एका फटक्यात उलटवू शकते, आणि ती न सांगणे बेइमानी होईल. कायद्यातले शब्द आहेत "योग्य" निर्देशांकन. योग्य म्हणजे काय, ते तिथे लिहिलेले नाही. पॉलिसी जर सपाट दोन हजारांची निघाली आणि वाढ फक्त बोलण्यात असेल, तर ते 24 हजार सामान राहत नाहीत, साधे रुपये होतात. मग रुपयांचाच दर लावायचा, आणि सल्लागाराचा कागद बरोबर ठरतो. सपाट दोन हजारांचे सहा टक्क्यांनी वर्तमान मूल्य पावणेतीन लाख. तेव्हा डोळे मिटून रोख घ्या.

म्हणून मी चाचांना सांगितले की सासरच्यांनी सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. दोन हजार कुठल्या तारखेच्या भावाने धरले आहेत? कायदा लागू झाला 2014 च्या सुरुवातीला, आणि शेतमजुरांचा निर्देशांक त्यानंतरच्या दहा वर्षांत दीडपटीहून जास्त वाढला. सुरुवातच जुन्या दोन हजारांनी झाली तर एक तृतीयांश सामान पहिल्याच दिवशी गेले. पाच लाखांचेही तेच झाले आहे, तो आकडाही 2013 चाच आहे. दुसरे, वाढ दरवर्षी होणार की पाच वर्षांतून एकदा? पाच वर्षांनी होणार असेल तर मधली चार वर्षे पिशवी हलकी होत जाते. तिसरे, पैसे कोण देणार आणि न दिले तर दाद कुणाकडे मागायची? हे तीन कागद हातात आले तर माझा हिशेब. नाही आले तर सल्लागाराचा.

चाचांनी तो सहीचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला माझ्याकडून वीस ओळी लिहून घेतल्या. सामानाच्या, महागाईसकट. मग म्हणाले, "म्हणजे त्याने माझं धान्य मोजलं आणि भाव शहराच्या बँकेचा लावला." मी म्हटले, चाचा, अगदी तेच. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. सासरची माणसे पुढच्या रविवारी येणार आहेत.